सोनेरी छाप आणि नववी खुर्ची

बमरोलीत आमची पंचिंगची खोली आहे. साडीवरची भरतकामाची नक्षी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने आखून यंत्राला समजेल अशी फाइल करून द्यायची, या कामाला सुरतेत पंचिंग म्हणतात. खाली मिठाईचं गोदाम, वर आम्ही. आठ कॉम्प्युटर, आठ खुर्च्या. सात कॉम्प्युटर सकाळी नऊ ते रात्री नऊ चालतात. आठव्यावर तयार नक्षीची साडी बाईच्या अंगावर कशी दिसेल ती चित्रं बनतात. त्यात मोठं ग्राफिक कार्ड आहे आणि तो दिवसरात्र बंद होत नाही, कारण व्यापाऱ्याला कॅटलॉग नेहमी कालच हवा असतो.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका महिन्यात दोन कॉम्प्युटरचे एसएमपीएस जळाले. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी करून देतो. आमचे डबे स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट आलेले होते. दुसरा जळताना मदरबोर्डही घेऊन गेला, तेव्हा मी ठरवलं की आठही बदलायचे. भिशीचा माझा नंबर लागला होता. पंचावन्न हजार हातात होते.

त्या पैशांवर आधीच एक माणूस बसलेलं होतं.

नवागामला राहणारी एक बाई दीड वर्षापासून आमच्याकडे येत होती. आधी ती घरी बसून धागाकटिंग करायची, म्हणजे भरतकाम झालेल्या साडीच्या मागचे लोंबते धागे कापायचे, नगावर मजुरी. आमच्याकडे तयार साड्यांचे नमुने द्यायला यायची आणि आमच्या पंचिंग करणाऱ्या मुलींच्या मागे उभी राहून बघायची. एक दिवस मी म्हटलं, उभी राहण्यापेक्षा बस. दुपारी मुली जेवायला उठल्या की तेवढा पाऊण तास ती कुणाच्या तरी खुर्चीवर बसून शिकू लागली. वर्षभरात तिचा हात असा बसला की तिच्या फाइलवर यंत्रात दोरा तुटायचा नाही. तिला मी शब्द दिला होता की अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की नववा कॉम्प्युटर आणीन, ती खुर्ची तुझी. त्या भरवशावर तिने धागाकटिंगच्या ठेकेदाराला नाही सांगून टाकलं. हे तिने मला नंतर सांगितलं, नाहीतर मी थांबवलं असतं.

म्हणजे पंचावन्न हजारांत आठ डबे आणि एक जुना पण चांगला कॉम्प्युटर बसवायचा होता. तो मॉनिटरसकट अठरा हजारांना ठरलेला होता.

मी रिंग रोडवरच्या आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. माणूस काठियावाडी, बोलायला गोड, मालाला खरा. त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली. दोन्ही साडेसहाशे वॅटची. एकावर ब्राँझची छाप, किंमत चार हजार तीनशे. दुसऱ्यावर गोल्ड, सहा हजार आठशे.

"यात सोनं आहे का?" मी विचारलं.

"सोनं बिलात निघेल, बेन," तो म्हणाला. "ब्राँझ शंभरातले पंच्याऐंशी आत पोचवतो, पंधरा गरमीत घालवतो. गोल्ड नव्वद पोचवतो. लांबे गाळे फायदो छे, लांबच्या मुदतीत फायदा."

"लांबे म्हणजे किती?"

"ते तुमच्या वापरावर. बारा बारा तास चालवता, तुम्हाला तर लवकरच."

सुरतेत मालाची प्रत ओळखायला माणूस शिकतोच. जरतार खरी की नकली हे दोरा पेटत्या काडीवर धरून कळतं, कापडाचं वजन हातावर कळतं. हे खोकं ना जाळून बघता येत होतं ना चोळून. छापावर विश्वास ठेवायचा, नाहीतर हिशेब करायचा. मी खोक्यांचे फोटो काढून घरी आले आणि हिशेब आमच्या यांच्याकडे दिला.

हे वीस वर्षं सुरतेजवळच्या सचिन वसाहतीतल्या लूम कारखान्यांत फिटर आहेत. विजेच्या बाबतीत आमच्या घरात यांचा शब्द शेवटचा, आणि तो फुकट मिळालेला मान नाही. कारखान्यात शेठ नवीन लूम घेताना यांना विचारतो, महिन्याचं बिल किती वाढेल. हे मोटरवर ठोकलेली पट्टी वाचतात, तिच्यावरचे हॉर्सपॉवर, गुणिले लूम, गुणिले तास. आलेला आकडा खऱ्या बिलाच्या अगदी जवळ असतो. लूमची मोटर एकदा चालू झाली की पाळी बदलेपर्यंत जवळपास पूर्ण भाराने चालते, म्हणून पट्टीवर जे लिहिलंय तेच ती खाते.

यांनी फोटो बघितला, खिशातलं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला मांडलं. साडेसहाशे वॅट. ब्राँझ आणि गोल्डमध्ये शंभराला पाचाचा फरक, म्हणजे साडेबत्तीस वॅट. दिवसाचे बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस. एकशे सतरा युनिट. सगळे आकार धरून आम्हाला युनिट तेव्हा आठ रुपयांच्या आसपास पडत होतं. एका कॉम्प्युटरमागे वर्षाला साडेनऊशेच्या आत-बाहेर.

"अडीच हजार जास्त देशील, पावणेतीन वर्षांत परत," हे म्हणाले. "त्यानंतर सगळं फुकट. आठाच्या आठ गोल्ड घे."

"मग नववा कॉम्प्युटर बसत नाही."

"दिवाळीला घे. आज स्वस्त घेशील आणि दर महिन्याला बिलात भरत राहशील."

आठ गोल्डचे चोपन्न हजार चारशे होत होते. भिशी तिथेच संपत होती. पण आकडे समोर होते आणि मांडणारा माणूस आकड्यांत चुकत नव्हता. मी दुकानदाराला फोन करून आठ गोल्ड सांगितले. त्याच्याकडे तेवढे नव्हते, शनिवारी येतील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं. असल्या गोष्टी घोळवण्यात अर्थ नसतो.

"मंग मनी जागा?" ती म्हणाली. कामाच्या ठिकाणी ती माझ्याशी कधी अहिराणी बोलायची नाही, 'मग माझी जागा?' एवढंच तिने त्या दिवशी अहिराणीत विचारलं.

"दिवाळीला."

"ठेकेदाराला मी नाही सांगून बसले, ताई."

"मला विचारून सांगायचं होतंस."

मी तिला वर्तमानपत्राचा तुकडा दाखवला. आपण मनात आलं म्हणून माघार घेत नाही, हिशेबाने घेतोय, एवढं तिला दिसावं म्हणून. ती तो बराच वेळ वाचत बसली. सातवी शिकलेली आहे, पण टाके मोजून मोजून तिला आकड्यांची भीती उरली नव्हती. मग ती उठली, एका कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि जुन्या डब्यावरचं लेबल वाचून आली.

"यावर साडेचारशे लिहिलंय," ती म्हणाली.

"मग?"

"दादांच्या हिशेबाने आठ डबे, बारा तास, महिन्याचे पंचवीस दिवस. साडेआठ हजारांच्या वर जातंय. आणि हा आठवा तर रात्रीही चालतो."

"बरं."

"थंडीत एसी बंद होता तेव्हाचं बिल मी भरून आले होते. तुम्हीच पाठवलं होतं. एक्केचाळीसशे होतं. त्यात पंखे पण आले आणि लाइट पण."

मी कपाटातून बिलांची फाइल काढली. जानेवारीचं बिल चार हजार एकशे बारा.

संध्याकाळी मी ते बिल यांच्या ताटाशेजारी ठेवलं. हे आधी म्हणाले, मीटर हळू चालत असेल. मग म्हणाले, मुली कॉम्प्युटर बंद करून गप्पा मारत असतील. मग जेवता जेवता बिलावरचे युनिट दोनदा वाचले.

"तुले काय समजस त्या डब्यामधलं?" शेवटी म्हणाले, पण रागाने नाही.

"काही नाही. पण बिल निम्म्यावर आहे. तुमच्या लूमचं असं येतं का?"

"लूमचं नाही येत."

"मग ही लूम नाही."

चूक कुठे होती हे तेव्हाही आम्हाला नक्की कळलं नव्हतं. मी सातशे रुपयांचं एक मीटर मागवलं. प्लगमध्ये लावायचं आणि त्यात कॉम्प्युटरचा प्लग खोचायचा, तो किती वॅट घेतोय आणि दिवसभरात किती युनिट झाले ते दिसतं. शनिवार उलटत होता म्हणून दुकानदाराला म्हटलं, खोकी ठेव, आठवडाभराने नेते. तो म्हणाला, बेन, तुमचा माल आहे, लोणचं घालून ठेवतो.

मीटर सकाळी नऊला एका मुलीच्या कॉम्प्युटरला लावलं. ती नक्षी आखत असताना आकडा एकशे दहाच्या आसपास. चहाला उठली की पंच्याहत्तर. मोठी फाइल उघडताना क्षणभर दीडशे. रात्री नऊला एकूण एक पूर्णांक तीन युनिट. म्हणजे सरासरी एकशे आठ वॅट. डब्यावर साडेचारशे लिहिलेलं असताना.

मग समजलं. मोटरच्या पट्टीवरचा आकडा ती किती काम करते ते सांगतो, कारण लूम तिला तेवढं काम देते. डब्यावरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तेवढंच सांगतो. आतल्या भागांनी जेवढं मागितलं तेवढंच तो देतो, आणि आमची टाके आखणारी मशीन फार मागत नाही. शंभर लिटरच्या पिंपातून दोन तांबे पाणी घेतलं तर दोनच तांबे जातात. आमच्या यांनी पिंप मोजलं होतं.

यांना मी मीटर दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे पट्टीच खोटी."

"पट्टी खरी आहे. प्रश्न वेगळा होता."

मग मी छापाची माहिती शोधून वाचली. शंभरातले पंच्याऐंशी आणि नव्वद हे आकडे डबा अर्ध्या भारावर असतानाचे निघाले. पाचव्या हिश्श्यावर आणि पूर्ण भारावर ते कमी असतात, ब्राँझचे ब्याऐंशी, गोल्डचे सत्त्याऐंशी. पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेलं तर या दोन छापांसाठी चाचणीच नाही. तिथे डबा कसा वागेल हे छाप सांगत नाही. शिवाय चाचणी एकशे पंधरा व्होल्टवर आणि सुखद तापमानात. आमच्याकडे वीज दोनशे तीसची, त्यात दोघांचंही काम थोडं सुधारतं, आणि मे महिन्यात खोली तापते, त्यात दोघांचंही बिघडतं. छाप डबा किती वर्षं टिकेल हे सांगत नाही. किती वीज वाया घालवतो एवढंच सांगते.

जुना डबा किती वाया घालवतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून आत ऐंशी वॅट पोचतात असं धरलं. ब्राँझमधून तेवढे मिळवायला भिंतीतून अठ्ठ्याण्णव लागतात, गोल्डमधून ब्याण्णव. फरक सहा वॅटही नाही. वर्षाला वीस युनिट, एकशे साठ रुपये. अडीच हजार परत यायला पंधरा वर्षांहून जास्त. आमचा कोणताही कॉम्प्युटर सात वर्षांवर टिकलेला नाही.

आणखी एक गोष्ट. साडेसहाशेच्या डब्याला आमचे ऐंशी वॅट म्हणजे आठवा हिस्सा. चाचणीच्याही खाली. साडेचारशेचा ब्राँझ घेतला तर तेच ऐंशी पाचव्या हिश्श्याच्या जवळ जातात, आणि तो अठ्ठावीसशेला मिळत होता. मोठा डबा घेण्याचं मुळात कारणच नव्हतं.

आठव्या मशीनचं मात्र वेगळं निघालं. त्याला मीटर एक पूर्ण दिवस लावलं. तीनशे चाळीसच्या आसपास, चोवीस तास. आत दोनशे ऐंशी पोचतात असं धरलं तर साडेसहाशेच्या डब्याचा तो जवळपास मधला भाग, जिथे छाप खरी लागू होते. ब्राँझला तीनशे एकोणतीस लागले असते, गोल्डला तीनशे अकरा. अठरा वॅट, पण दिवसाचे चोवीस तास. वर्षाचे तीनशेच दिवस धरले तरी एकशे तीस युनिट, हजार रुपये. अडीच हजार अडीच वर्षांत परत. शिवाय वाया जाणारी वीज म्हणजे खोलीतली गरमी, ती बाहेर काढायला एसी पुन्हा वीज खातो. इथे गोल्ड घेणं शहाणपणाचं होतं. त्याच्या वरची प्लॅटिनमची छापही बघितली. आणखी सात वॅट वाचत होते आणि साडेचार हजार जास्त जात होते. ती सोडली.

मी दुकानात गेले आणि सांगितलं, गोल्ड एक, साडेचारशेचे ब्राँझ आठ. सात जुन्या मशीनना, एक नवव्याला.

दुकानदार कागद बघत राहिला. "तमे तो एन्जिनियर थई गया, बेन."

"फायदा लांबे गाळे होता ना. मी गाळा मोजून आले."

"मोजतं कोण," तो म्हणाला. "गिऱ्हाइक छाप बघतं. मी पण छाप बघूनच विकतो." मग त्याने त्याची खरी बाजू मांडली, आणि ती चुकीची नव्हती. "ब्राँझला तीन वर्षांची वॉरंटी. गोल्डला सात. चौथ्या वर्षी गेला तर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

"चौथ्या वर्षी गेला तर अठ्ठावीसशे देऊन दुसरा घेईन. दोन मिळूनही तुझ्या गोल्डपेक्षा बाराशे कमीच होतात."

"आणि काम बंद पडेल ते?"

"एक जास्तीचा घरात ठेवते."

"मग नऊ घ्या." त्याने नववं खोकं काढून वर ठेवलं. विकणारा माणूस विकतोच.

एक गोल्ड आणि नऊ ब्राँझ मिळून बत्तीस हजार झाले. कॉम्प्युटरचे अठरा. पन्नास. उरलेल्या पाच हजारांत मी एक टेबल घेतलं आणि नवीन अर्थिंग करून घेतलं. ते खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं, हे वायरमनने मला दोनदा ऐकवलं. डबे यांनी स्वतः बसवले, एका रविवारी, लुंगीवर. प्रत्येक डबा बसवला की मीटर लावायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. जुन्यापेक्षा दहा-बारा वॅट कमी येत होते. बिनछापाच्या डब्यातून ब्राँझवर येताना जेवढं वाचतं, तेवढं ब्राँझवरून गोल्डवर जाताना वाचत नाही, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

नववी खुर्ची दाराजवळ ठेवावी लागली. दुसरीकडे जागा नव्हती. ती सोमवारी आली, खुर्चीवर बसली, उंची कमी केली आणि फाइल उघडली. मी तिला म्हटलं, तू ते बिल काढलं नसतंस तर दिवाळीपर्यंत थांबली असतीस.

"म्हणून तर काढलं," ती म्हणाली.

आता पाच वर्षं झाली. ब्राँझपैकी एक चौथ्या वर्षी गेला, दुकानदार म्हणाला होता तसाच. मी कपाटातला काढून लावला, अर्ध्या तासात काम सुरू, आणि नवीन एक आणून कपाटात ठेवला. कशाला हवा ते दुकानदाराला सांगितलं नाही, पण त्याने विचारलं आणि हसला. आठव्या मशीनचा गोल्ड चालतोय आणि मीटरच्या हिशेबाने त्याचे वरचे पैसे तिसऱ्या वर्षातच वसूल झाले. आमचे हे अजून लूमचा हिशेब पट्टीवरूनच करतात आणि तो अजून बरोबर येतो.

मागच्या महिन्यात ती म्हणाली की नवागामला घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचे दोन कॉम्प्युटर टाकायचे आहेत. काम तिला मिळेल, व्यापारी तिचं नाव घेऊन फाइल मागतात. मला अडचण होणार होती, ते मी तिला सांगितलं. थांब म्हटलं नाही.

"डबा कोणता घेऊ, ताई?"

"किती तास चालवणार?"

"ठाऊक नाही. सुरुवातीला सहा-सात. हंगामात दिवसरात्र."

"मग मला काय विचारतेस?"

तिने माझ्या टेबलाच्या खणातून मीटर काढून आपल्या नवव्या कॉम्प्युटरला लावलं. दहा दिवसांनी परत आणून दिलं, सोबत वहीचा अर्धा कागद. त्यावर रोजचे युनिट एकाखाली एक लिहिलेले होते, हंगामासारखे दिवसरात्र चालवलेले चार दिवस वेगळे काढलेले. खाली किंमत, तास आणि वर्षं. दोन्ही ब्राँझ, साडेचारशेचे.

तिची खुर्ची महिनाअखेर रिकामी होईल. दुपारी जेवणाच्या वेळी त्याच खुर्चीवर बसून शिकणारी एक बाई सध्या येते आहे. तिला मी अजून कसलाही शब्द दिलेला नाही.